मुतलकसाहेब

अरबी व्याकरणात एक गृहस्थ आहे. दिसायला साधा, ओळखायला सोपा आणि अनुवादकाच्या जिवावर उठलेला. वाक्यात क्रियापद येऊन गेलेलं असतं, कर्ता येऊन गेलेला असतो, ज्याला मारायचं त्याला मारून झालेलं असतं. आता वाक्य संपलं असं वाटतं, तेवढ्यात हा येतो आणि क्रियापदाने जे सांगितलं तेच पुन्हा एकदा, नाम होऊन, सांगतो. जरबतु जैदन् जरबन्. शब्दाला शब्द ठेवला तर : मारलं मी जैदला, मारणं. हा शेवटचा ‘जरबन्’ म्हणजे आपला नायक. त्याचं पूर्ण नाव मफऊल मुतलक. पण औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, त्याचा मुक्काम इतका जुना आहे की त्याला नुसतं नावाने हाक मारणं बरं दिसत नाही. मी त्याला मुतलकसाहेब म्हणतो.

ते या शहरात केव्हा आले याची नोंद नाही, पण अठराव्या शतकात ते इथे ऐटीत राहत होते एवढं नक्की. हजहून परतलेले गुलाम अली आझाद बिलग्रामी पाणचक्कीच्या तकियात येऊन राहिले आणि पुढे औरंगाबादचेच झाले. १७८६ साली ते वारले, खुलताबादला त्यांची कबर आहे. अरबी कवितेसाठी ‘हस्सान-अल-हिंद’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या माणसाने ‘सुब्हतुल मरजान’ या अरबी ग्रंथात भारतीय अलंकारशास्त्रातले अलंकार अरबीत नेऊन बसवले. एका भाषेची ढब दुसऱ्या भाषेत नेता येते का, या प्रश्नाला या गावात अडीचशे वर्षं झाली, एवढंच इथे सांगायचं. आजही शहरातल्या मदरशांत ‘हिदायतुन नह्व’ आणि ‘काफिया’ शिकवताना मुतलकसाहेबांची ओळख अगदी सुरुवातीला करून दिली जाते, आणि ती करून देताना बिचारा जैद मार खातो. हजार-बाराशे वर्षं तो खातोच आहे. व्याकरणकारांनी त्याला एकदाही जेवू घातलं असतं तरी उदाहरण तितकंच चाललं असतं.

घराणं मोठं आहे. मफऊल म्हणजे ‘केलं गेलेलं’, आपल्या भाषेत ढोबळमानाने कर्म. असे पाच भाऊ. ज्याच्यावर क्रिया घडली तो एक, ज्या वेळी किंवा ज्या जागी घडली तो दुसरा, ज्यासाठी घडली तो तिसरा, ज्याच्या सोबतीने घडली तो चौथा. या चौघांच्या नावाला एकेक शेपूट आहे : ‘बिहि’, ‘फीहि’, ‘लहू’, ‘मअहू’; म्हणजे ‘त्यावर’, ‘त्यात’, ‘त्यासाठी’, ‘त्याबरोबर’. पाचव्याला शेपूट नाही, म्हणून तो मुतलक, बिनबंधनाचा. हा शब्द मराठी माणसाला परका नाही. १७८४ साली महादजी शिंद्यांनी बादशहा शाह आलमकडून पेशव्यांसाठी जी ‘वकील-इ-मुतलक’ ही पदवी मिळवली, त्यातला ‘मुतलक’ हाच. ज्याच्या अधिकाराला कसली अट नाही, असा.

आणि व्याकरणकारांचा युक्तिवाद ऐकला की हा मान त्यांना का दिला ते पटतं. मी जैदला मारलं, तर मी ‘केलं’ काय? जैदला मी केलेलं नाही, तो आधीपासून होता. माझ्या हातून खरोखर घडलं ते मारणं. म्हणजे वाक्यातलं खरं ‘केलं गेलेलं’ जैद नव्हे, मारणं आहे. बाकीचे चौघे क्रियेचे सोबती. हा मात्र क्रियेच्या पोटातला. पोटातला की क्रियाच याच्या पोटातली, यावर मात्र बसरा आणि कूफा या दोन शहरांतल्या व्याकरणकारांचं कधी जमलं नाही. क्रियानाम, म्हणजे मसदर, हे मूळ आणि क्रियापद त्याच्यापासून निघालं, असं बसरावाले म्हणत. कूफावाले नेमकं उलटं. थोडक्यात, मुतलकसाहेब आपल्याच वाक्यातल्या क्रियापदाचे वडील आहेत की चिरंजीव, हे अजून ठरायचं आहे.

साहेबांची कामं तीन. कधी ते क्रिया किती वेळा झाली ते सांगतात : दोनदा मारणं मारलं. हे काम सरळ आहे, त्यात कोणी चुकत नाही. कधी क्रिया कोणत्या प्रकारची ते सांगतात, आणि त्यासाठी बहुधा एखादं विशेषण सोबत आणतात. आणि कधी ते एकटेच, मोकळ्या हाताने येतात. तेव्हा व्याकरणकार म्हणतात, हे जोर देण्यासाठी आले आहेत. या कामाला तौकीद म्हणतात. आणि हा जोर इंग्रजीत नेताना क्रियाविशेषण घालावं की नाही, यावर इंग्रजी अनुवादक हमरीतुमरीवर येतात.

आधी दुसरं काम बघू, कारण निम्मी भांडणं तिथेच मिटतात. आखातात नोकरीला असलेल्या मुलाला अरबी वर्तमानपत्रातली ओळ इंग्रजीत करायची आहे असं समजा. ओळ साधी आहे : इर्तफअतिल् असआरु इर्तिफाअन् कबीरन्. भाव चढले, मोठं चढणं. इथे ‘चढणं’ या शब्दाला स्वतःचं असं काही सांगायचं नाही. अरबीत विशेषणाला उभं राहायला नाम लागतं. क्रियापदाच्या अंगावर त्याला थेट टांगता येत नाही. म्हणून क्रियापदाचंच नाम पुन्हा आणायचं आणि ‘मोठं’ त्याच्यावर अडकवायचं. मुतलकसाहेब इथे खुंटीचं काम करतात. इंग्रजीत खुंटी लागत नाही, म्हणून ती काढून टाकायची आणि विशेषणाचं क्रियाविशेषण करायचं : भाव ‘शार्पली’ चढले. यात काही हरवत नाही. उलट ज्याने खुंटीसकट भाषांतर केलं, त्याचं इंग्रजी वाचणाऱ्याला अरबीचा गंध येत नाही, नुसती अडखळ लागते.

दुसरी ओळ. मंत्र्याने प्रस्ताव नाकारला, रफजन् बात्तन्. ‘बात्त’ म्हणजे तोडणारं. तोडून टाकणारं नाकारणं. इंग्रजीत ‘फ्लॅटली’, मराठीत ‘साफ’ किंवा ‘सपशेल’ नाकारलं. तोडण्याची प्रतिमा गेली, पण प्रत्येक भाषेने आपली दुसरी दिली. विशेषण सोबत असेल तर क्रियाविशेषण घालावं, यात मला काडीची शंका नाही.

या ‘बात्त’चा एक भाऊ आपल्या घरात राहतो आहे, हे मात्र फार जणांच्या लक्षात येत नाही. साहेबांची एक लकब अशी की कधी कधी त्यांचं क्रियापद गळून पडतं आणि ते एकटेच उरतात. आखातातून आलेला माणूस ‘शुक्रन्’ म्हणतो, तेव्हा त्याने खरं तर ‘मी तुमचे आभार मानतो, आभार मानणं’ यातला शेवटचा तुकडा तेवढा उच्चारलेला असतो. ‘सुब्हानल्लाह’मधलं ‘सुब्हान’ तसंच : ‘मी पावित्र्य गातो’ हे क्रियापद गेलं, मसदर राहिला. आणि अरबी व्याकरणकार ‘अल-बत्तता’ हाही मफऊल मुतलकच मानतात. ‘तोडणे’ याच धातूचं ते नाम आहे, एका घावात तोडणं. ‘मी हे करणार नाही, एक तोडणं’ अशी मूळ घडण. फारशीतून तो मराठीत आला आणि ‘अलबत’ झाला. शाहिरी थाटात ‘अलबत!’ म्हणणाऱ्याला ठाऊक नसतं की आपण एक बिनक्रियापदाचं कर्म उच्चारतो आहोत. तसाच ‘ऐजन’. जुन्या कागदांत आणि तळटिपांत ‘वरीलप्रमाणेच’ या अर्थी येणारा हा शब्द अरबी ‘ऐजन्’. ‘परतणे’ या क्रियापदाचा मसदर, क्रियापद गळालेला. परतला, परतणं, म्हणून पुन्हा तेच.

मराठी कोशांनी या दोघांनाही क्रियाविशेषण म्हणून नोंदवलं आहे, आणि ते बरोबरच आहे. क्रियापदाची साथ सुटली की मुतलकसाहेब आपोआप क्रियाविशेषण होतात. अरबीतसुद्धा बोलणाऱ्याला त्यांचं कर्मपण जाणवत नाही. म्हणजे क्रियाविशेषणाशी त्यांचं वैर मुळीच नाही. तरी ते आपल्या क्रियापदाशेजारी, सोबत कोणी न घेता, मोकळ्या हाताने उभे असतात, तेव्हाच त्यांना क्रियाविशेषण करणं धोक्याचं ठरतं. तिथे त्यांचा जोर कशावर आहे, हे आधी विचारावं लागतं.

मराठी वाचकाला इथे एक मोह पडतो, कारण आपल्याकडेही क्रिया दोनदा म्हणण्याची चाल आहे. मार मार मारलं. रड रड रडली. शोध शोध शोधलं. ‘जरबन्’ दिसला की हे ओठांवर येतं आणि काम झालं असं वाटतं. पण मराठीतली ही पुनरुक्ती मोजमापाची आहे. रड रड रडली म्हणजे खूप रडली, थांबेना इतकी. अरबीतला एकटा मसदर माप सांगत नाही. जैदला एकच चापट मारली असली तरी ‘जरबतुहू जरबन्’ म्हणता येतं. ऐकणाऱ्याला वाटलं असेल की मी नुसता ओरडलो असेन, किंवा मारायला माणूस पाठवला असेन, किंवा ‘मारलं’ हे आपलं बोलण्याच्या ओघात आलं असेल. ती शंका मोडायला ‘जरबन्’ आला आहे. मारणंच झालं, दुसरं काही नाही.

याला मराठीत जवळचं काही असेल तर ते ‘म्हणजे’. मारलं म्हणजे मारलं. दिला म्हणजे दिला. इथेही तोच शब्द पुन्हा येतो, इथेही माप वाढत नाही, फक्त पळवाट बंद होते. नाहीतर आपला ‘च’ आहेच : मारलंच. हा बारकावा माझ्या मते सगळ्या वादाचा गाभा आहे. जोर दोन जातींचा असतो. एक ‘किती’चा, एक ‘खरंच’चा. इंग्रजी क्रियाविशेषणांची पोतडी पहिल्या जातीने भरलेली आहे : ‘ग्रेटली’, ‘सिव्हिअरली’, ‘अटर्ली’. अनुवादक हात घालतो तेव्हा त्यातलंच काही हाती लागतं, आणि मूळ वाक्यात नसलेलं माप भाषांतरात येऊन बसतं.

दुसऱ्या जातीचं इंग्रजी क्रियाविशेषण नाहीच असं नाही. अरबीची बहीण हिब्रू. तिच्यातही क्रियापदाशेजारी त्याच धातूचं नाम येतं, फक्त बहुधा आधी. बायबलातल्या उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदामाला निषिद्ध झाडाबद्दल ताकीद मिळते तिथे ‘मरणं’ आणि ‘मरशील’ असे दोन्ही शेजारी उभे आहेत. १६११ च्या किंग जेम्स भाषांतराने तिथे ‘शुअरली’ घातलं. मरण किती वेदनेचं, किती लवकर, यावर ‘शुअरली’ काही बोलत नाही. ते येणार एवढंच सांगतं. भाषांतरकारांनी तिथे अचूक जात ओळखली.

आता एक प्रत्यक्ष प्रकरण घेऊ, आणि ते घ्यायला औरंगाबादपेक्षा योग्य गाव नाही.

कुरआनाच्या चौथ्या सूरेत, सूरह निसामध्ये, १६३ व्या आयतीत अनेक पैगंबरांची नावं येतात : नूह, इब्राहीम, इस्माईल, ईसा, अय्यूब, सुलैमान आणि इतर. या सगळ्यांकडे ‘वह्य’ म्हणजे दैवी संदेश पाठवल्याचं तिथे सांगितलं आहे. पुढच्याच आयतीच्या शेवटी हजरत मूसांचं नाव येतं आणि क्रियापद बदलतं. अल्लाह त्यांच्याशी बोलला. आणि त्या क्रियापदामागे, एकटा, विशेषण न घेता, ‘तक्लीमन्’ उभा आहे. बोलला, बोलणं.

या एका शब्दावर जुन्या धर्मपंडितांनी केवढं रान उठवलं! ईश्वर खरोखर बोलतो का, की ‘बोलला’ हे लाक्षणिक आहे, हा त्या काळचा जळता प्रश्न होता. दहाव्या शतकातले मिसरचे व्याकरणकार अबू जाफर अन-नह्हास यांनी सांगून टाकलं की क्रियापदाला मसदराने पक्कं केलं की ते लाक्षणिक राहत नाही, यावर सर्व व्याकरणकारांचं एकमत आहे. भिंत म्हणाली, हे चालेल. भिंत म्हणाली, म्हणणं, हे नाही चालायचं. ‘सर्व’ हा शब्द जरा जास्तच झाला, कारण जुन्या अरबी कवितेत एके ठिकाणी रेशमी शाली आक्रोश करतात आणि मसदरासकट करतात. विरोधकांनी ती ओळ शोधून काढलीच. पण नियमाचा रोख बघा. माप नाही, पळवाट बंद करणं. काहींनी दुसरीच पळवाट काढली. ‘कल्म’ म्हणजे जखम. तेव्हा इथलं क्रियापद बोलण्याचं नसून जखमेचं आहे, अल्लाहने मूसांना संकटांच्या नखांनी जखमी केलं, असा अर्थ त्यांनी लावला. स्वतः मुअतजिली, म्हणजे लाक्षणिक अर्थाकडे झुकणाऱ्या, पंथाचे असलेल्या भाष्यकार जमख्शरींनीसुद्धा ही कसरत ‘अजब अर्थ’ म्हणून बाजूला ठेवली. मुतलकसाहेब लक्षणा अडवू शकतात, पण धातूच कोणी वेगळा वाचला तर त्यांचा इलाज चालत नाही, कारण ‘तक्लीम’ हे रूप दोन्हीकडे जुळतं.

आता इंग्रजी. मार्माड्यूक पिक्थॉल हे लंडनचे कादंबरीकार. १९१७ साली त्यांनी इस्लाम स्वीकारला, १९२० मध्ये ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक म्हणून ते मुंबईत आले, पुढे निजामाच्या नोकरीत हैदराबादला गेले. कुरआनाच्या भाषांतरासाठी निजामाने त्यांना रजा दिली आणि १९३० साली ते छापलं गेलं. तेव्हा औरंगाबाद त्याच निजामाच्या राज्यात होतं. दुसरे अब्दुल्ला यूसुफ अली, मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकलेले, काही काळ निजाम सरकारात मंत्री राहिलेले. त्यांचं भाषांतर लाहोरहून १९३४ पासून खंडाखंडाने निघालं. दोघांचे स्वभाव वेगळे, इंग्रजी वेगळी, पण ‘तक्लीमन्’पाशी दोघांनी एकच केलं. पिक्थॉलनी ‘डायरेक्टली’ घातलं, यूसुफ अलींनी ‘डायरेक्ट’.

थेट बोलला. ऐकायला छान आहे, आणि निराधारही नाही. आधीच्या आयतीत वह्य, इथे बोलणं. दोन्हींतला फरक मध्यस्थ नसण्याचा असावा, हे संदर्भावरून काढता येतं. पण ते संदर्भावरून काढलेलं आहे, मसदरातून नाही. मसदर ‘कसं’ हे सांगतच नाही, तो ‘बोलणंच’ एवढं म्हणतो. ‘डायरेक्टली’ म्हटलं की इंग्रजी वाचकाला वाटतं, अरबीत ‘थेट’ असा एक शब्द आहे. तसा शब्द नाही. टीकाकाराचं मत मूळ पाठात शिरलं आणि त्याच्यावर कंससुद्धा नाही. उलट ज्या शंकेसाठी साहेब आले होते ती तशीच राहिली : ‘थेट बोलला’ हेही लाक्षणिक असू शकतं. काही निसर्गप्रेमी म्हणतातच की डोंगर आपल्याशी थेट बोलतो.

तिसरे अनुवादक या शहरात जन्मले. सय्यद अबुल आला मौदूदी, जन्म २५ सप्टेंबर १९०३, औरंगाबाद. अरबीचे पहिले धडे त्यांनी इथेच गिरवले. त्यांच्या राजकीय विचारांशी माझं जुळत नाही, पण इथे प्रश्न एका मसदराचा आहे. ‘तफहीमुल कुरआन’ हे त्यांचं उर्दू भाषांतर आणि भाष्य १९४२ मध्ये सुरू झालं आणि १९७२ मध्ये पुरं झालं. या आयतीपाशी त्यांनी क्रियाविशेषण टाळलं. मूसांशी गुफ्तगू केली, आणि ती कशी, तर गुफ्तगू जशी केली जाते तशी, असा त्यांच्या वाक्याचा आशय. क्रिया पुन्हा आली, नवीन काहीच आलं नाही, आणि पळवाट बंद झाली : बोलण्यासारखं काहीतरी नव्हे, ज्याला आपण बोलणं म्हणतो तेच. मराठीत ते आपल्या ‘म्हणजे’च्या अगदी शेजारी येऊन बसतं. बोलला म्हणजे बोलला.

उर्दूला हे जमलं, इंग्रजीला जमेल का? ‘स्पोक अ स्पीकिंग’ जमणार नाही. इंग्रजीत जीवन जगता येतं, स्वप्न बघण्याचं ‘ड्रीम अ ड्रीम’ होतं, पण असे धातुबंधू थोडे आणि बहुतेक विशेषण मागणारे. मात्र इंग्रजीकडे एक जुनं, सहज हाती येणारं साधन आहे, आणि अनुवादक ते का वापरत नाहीत याचं मला नवल वाटतं. ‘स्पोक’च्या ऐवजी ‘डिड स्पीक’. हे ‘डिड’ माप वाढवत नाही, रीत सांगत नाही. कोणीतरी ‘नसेल बोलला’ म्हणालं होतं, त्याला उत्तर देतं. म्हणजे नेमकं साहेबांचंच काम. फार तर ‘इन्डीड’ चालेल. वाक्याचा नूर जुना झाला तरी धर्मग्रंथात ते खपून जातं.

म्हणून मोकळ्या मसदरापुढे क्रियाविशेषण कधीच घालू नये असं मी म्हणत नाही. सतराव्या सूरेच्या १६ व्या आयतीत वस्ती उद्ध्वस्त केल्याचं सांगून ‘तद्मीरन्’ येतो. उद्ध्वस्त केली, उद्ध्वस्त करणं. यूसुफ अलींनी इथे ‘अटर्ली’ घातलं, पिक्थॉलनी नाम ठेवून त्याला ‘कम्प्लीट’ हे विशेषण जोडलं. मला यूसुफ अली बरे वाटतात. उद्ध्वस्त करणं ही क्रियाच अशी आहे की ती खरंच झाली म्हणजे पुरी झाली. अर्धवट उद्ध्वस्त वस्तीला कोणी उद्ध्वस्त म्हणत नाही. ‘खरंच’ आणि ‘किती’ या दोन जाती इथे एकाच जागी पोचतात, म्हणून ‘अटर्ली’ने काही खोटं आणलं नाही. पिक्थॉलचं जोडकाम मात्र ना धड अरबी ना धड इंग्रजी.

तेहतिसाव्या सूरेत ५६ व्या आयतीत पैगंबरांना सलाम पाठवण्याची आज्ञा आहे आणि तिच्यामागे ‘तस्लीमन्’. पिक्थॉलनी सलामाला ‘वर्दी’, म्हणजे योग्य, हे विशेषण दिलं. यूसुफ अलींनी ‘पूर्ण आदराने’ अशा अर्थाचे शब्द घातले. दोघांच्या भावना चांगल्या, पण दोन्ही शब्द अरबीत नाहीत, आणि दोघांचे दोन वेगळे आहेत यावरूनच ते कळतं. ही एक हुकमी खूण आहे. चार चांगल्या अनुवादकांनी एका मसदराला चार वेगळी क्रियाविशेषणं दिली, तर समजावं की ती चौघांच्या घरची आहेत. ‘उद्ध्वस्त’पाशी मात्र बहुतेक जण एकाच अर्थाच्या शब्दावर येतात.

शिवाय साहेब कधी कधी जोर द्यायला आलेलेच नसतात. ते यमक जुळवायला येतात. छप्पन्नाव्या सूरेच्या सुरुवातीला पृथ्वी हादरते आणि पर्वतांचा चुरा होतो, दोन्ही क्रियांमागे एकेक छोटा मसदर, ‘रज्जा’ आणि ‘बस्सा’, आणि आयतींचे शेवट एकमेकांत वाजतात. तिथे प्रत्येक मसदराचं वेगळं क्रियाविशेषण केलं तर आवाज जातो आणि त्या जागी पाल्हाळ येतो. अशा ठिकाणी इंग्रजी वाक्य आखूड आणि ठोक्याचं ठेवणं हाच त्या जोराचा अनुवाद.

आणखी एक तपासणी व्याकरणकारांनीच देऊन ठेवली आहे. जोर देणाऱ्या मसदराचं द्विवचन किंवा अनेकवचन होत नाही, कारण तो क्रियेची जात सांगतो, नग नव्हे. तेराव्या शतकातल्या इब्न मालिकच्या हजार ओळींच्या ‘अल्फिय्या’त हा नियम आहे. शेजारीच दुसराही आहे : जोर देणाऱ्याचं क्रियापद गाळू नये, कारण ज्याला पक्कं करायचं तेच गाळून कसं चालेल? याच्यावर मात्र खुद्द इब्न मालिकच्या मुलाने आक्षेप घेतला. बाप-लेकाचं भांडण या घराण्यात मुरलेलंच दिसतं. पहिला नियम तरी अनुवादकाने खिशात ठेवावा. मसदर मोजता येत असेल तर तो संख्या सांगतो आहे, ‘ट्वाइस’ लिहून मोकळं व्हावं. सोबत विशेषण असेल तर त्याचं क्रियाविशेषण करावं. दोन्ही नसेल, तर ऐकणाऱ्याच्या मनातली कोणती शंका मोडायला हा आला आहे, हे मागच्या दोन ओळींत शोधावं, आणि सापडेपर्यंत कोशाला हात लावू नये.

माझा निकाल एवढाच. विशेषण घेऊन आलेल्या मुतलकसाहेबांना इंग्रजीत बिनदिक्कत क्रियाविशेषण करा. एकटे आले तर क्रियापद बघा : ज्याची पूर्णता त्याच्या अर्थातच आहे तिथे ‘अटर्ली’ चालेल, बोलणं, सलाम करणं, मारणं अशा ठिकाणी ‘डिड’वर भागवा, किंवा काहीच घालू नका. आणि ‘डायरेक्टली’ लिहायचंच असेल, तर ते पानाच्या तळाशी, टिपेत लिहा.